छातीतलं दुखणं खरं होतं का?

«माझ्या बाबांना (वय ६८) गेल्या वर्षी चढ चढताना छातीत भरून यायचं. अँजिओग्राफीत एक ब्लॉक निघाला, स्टेंट टाकला, आणि तिसऱ्या दिवशीच ते म्हणाले, 'एकदम मोकळं वाटतंय.' आता मामालाही तसाच त्रास होतोय आणि त्यालाही स्टेंट सुचवलाय. त्याने कुठेतरी वाचलं की इंग्लंडमध्ये काही पेशंटना ऑपरेशनचं नुसतं नाटक करून परत पाठवलं, तरी त्यांनाही बरं वाटलं. तेव्हापासून तो म्हणतो, 'सगळा मनाचा खेळ आहे, मी काही करून घेणार नाही.' बाबा दुखावलेत. 'माझं दुखणं काय खोटं होतं का?' असं विचारतात. प्लासिबोनं बरं वाटतं म्हणजे नक्की काय होतं? स्टेंटवाले आणि नुसत्या गोळ्यांवाले अशी सरळ तुलना करायची सोडून हे नाटक कशाला? आणि आजारी माणसाला असं फसवणं चालतं तरी कसं?»
— एक वाचक, सांगली

नमस्कार.

बाबांना आजच सांगा की त्यांचं दुखणं खरं होतं. मामांनी ज्या प्रयोगाबद्दल वाचलंय, त्यात भाग घेतलेल्या प्रत्येकाच्या हृदयाच्या एका रोहिणीत किमान ७० टक्के अडथळा होता आणि तो अँजिओग्राफीत दिसलेला होता. ज्यांना स्टेंट बसला नाही त्यांचंही दुखणं तितकंच खरं होतं. प्रयोगाचा प्रश्न वेगळाच होता, त्याकडे येतेच.

त्याआधी मामांसाठी एक गोष्ट. मी खाली जे लिहितेय ते 'स्टेबल अँजायना'बद्दल आहे. म्हणजे ठरावीक श्रम झाले की छातीत दाटतं, थांबलं की पाच-दहा मिनिटांत ओसरतं, आणि महिनोन्महिने हे साधारण तसंच चालतं. बसल्याजागी कळ आली, घाम फुटला, थांबूनही ओसरत नाही किंवा त्रास दिवसागणिक वाढत चाललाय, तर ते प्रकरण निराळं. तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठायचं. हार्ट अटॅकमध्ये बंद झालेली रोहिणी उघडण्यासाठी टाकलेला स्टेंट जीव वाचवतो, आणि त्याबद्दल या प्रयोगानं काहीही म्हटलेलं नाही.

आता बाबांचं 'मोकळं वाटतंय' घेऊ. या दोन शब्दांत निदान चार गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या आतून वेगळ्या ओळखता येत नाहीत. बाबांनाही नाही, त्यांच्या डॉक्टरांनाही नाही.

पहिली म्हणजे वेळ. अँजायनाचा त्रास एकसारखा नसतो. थंडीत वाढतो, जेवणानंतर चाललं की वाढतो, घरात काळजीचं वातावरण असलं की वाढतो, आणि मग काही आठवडे बराही असतो. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? अगदी नकोसं झाल्यावर. म्हणजे मोजमाप सुरू होतं तेच सर्वांत वाईट दिवसांपासून. त्यानंतर काहीही केलं नाही तरी पुढचे काही आठवडे आधीपेक्षा बरे जाण्याची शक्यताच जास्त असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि औषधोपचारातला हा सर्वांत मोठा चकवा आहे असं माझं मत आहे. लोक त्यालाही प्लासिबोचा, म्हणजे आत औषध नसलेल्या खोट्या उपचाराचा, गुण म्हणून मोकळे होतात. खरं तर त्याचा मनाशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बरोबरीनं सुरू झालेल्या गोळ्या. स्टेंटबरोबर हृदयाची गती कमी करणारी गोळी, रोहिण्या सैल करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, हे सगळं एकदम चालू होतं. तंबाखू सुटते, जेवणातलं मीठ कमी होतं. श्रेय मात्र एकट्या स्टेंटला मिळतं.

तिसरी गोष्ट अपेक्षेची, आणि खरा प्लासिबो परिणाम हाच. स्टेंट टाकतात त्या खोलीत, कॅथ लॅबमध्ये, काय होतं ते बाबांना विचारा. डॉक्टर पडद्यावर दाखवतात: ही आधीची शीर, इथे बारीक झालीय बघा, आणि ही आत्ताची. पाण्याचा पाइप साफ केल्यासारखं ते चित्र असतं. काल जिन्याच्या सहाव्या पायरीवर जो माणूस छातीवर हात ठेवून थांबत होता, तो आज न घाबरता सातवीवर पाय टाकतो. भीती कमी झाली की नाडी आणि रक्तदाब कमी चढतो, हृदयाला लागणारा प्राणवायू कमी लागतो. वेदनेच्या बाबतीत तर याचा शरीरातला मागही सापडलाय. १९७८ साली कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला. प्लासिबोनं ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन नावाचं औषध दिलं. हे औषध अफूच्या जातीच्या द्रव्यांचं काम अडवतं. त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे त्या 'नुसत्या' इंजेक्शननंतर त्यांच्या मेंदूनं स्वतःचं वेदनाशामक सोडलेलं होतं, आणि नॅलोक्सोननं तेच बंद पाडलं. त्यामुळे 'मनाचा खेळ' हा मामांचा शब्द मला पटत नाही. दुखणं कमी होतं ते शरीरातच.

पण याला मर्यादा आहे. अपेक्षेनं वेदना, मळमळ, दम, थकवा अशा जाणवणाऱ्या गोष्टी हलतात. रोहिणीतला चरबीचा थर अपेक्षेनं विरघळत नाही.

चौथी गोष्ट साधी आहे, माणुसकीची. लाखभर रुपये गेलेले, मुलीनं रजा काढलेली, डॉक्टर समोर उभे राहून विचारतात, 'काय, कसं वाटतंय?' अशा वेळी 'फारसा फरक नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. यात कुणी खोटं बोलत नसतं. ज्या दुखण्याला दहापैकी सात म्हणता येईल त्याला माणूस पाच म्हणतो, एवढंच.

स्टेंटचा स्वतःचा गुण या चारांच्या जोडीला असतो. तो किती, हे वेगळं काढायचं तर बाकीचं सगळं दोन्ही गटांत सारखं ठेवावं लागतं. 'सरळ तुलना का नाही' याचं उत्तर इथेच आहे. स्टेंटवाले आणि गोळ्यांवाले असे दोन गट चिठ्ठी टाकून केले, तर पहिल्या दोन गोष्टी सारख्या होतात. सरासरीकडे दोघेही परततात, गोळ्या दोघांनाही देता येतात. पण तिसरी आणि चौथी गोष्ट एकाच गटाला मिळते. एका गटाला ठाऊक असतं की आपलं काम झालंय. दुसऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला नुसत्या गोळ्यांवर परत पाठवलंय, आणि तो हिरमुसतो. मग दोन गटांतला फरक स्टेंटचा की हिरमुसण्याचा, हे सांगता येत नाही.

ही तुलना झालेलीही आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधून एका रोहिणीत ब्लॉक असलेल्या रुग्णांवर असाच उघड प्रयोग झाला. तेव्हा स्टेंट नव्हता, फुग्यानं रोहिणी रुंद करत. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालायची वेळ फुगा घातलेल्यांची सरासरी २.१ मिनिटांनी वाढली, गोळ्यांवाल्यांची अर्ध्या मिनिटानं. फरक ९६ सेकंदांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

हृदयाच्या डॉक्टरांना यात सावध व्हायला जुनं कारणही होतं. १९५०च्या दशकात अँजायनासाठी एक ऑपरेशन फार लोकप्रिय झालं. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या रोहिण्या बांधून टाकायच्या, म्हणजे अडलेलं रक्त हृदयाकडे वळेल, अशी कल्पना. रुग्ण खूश होते, गोळ्या कमी लागत होत्या. १९५९ मध्ये सिएटलला लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. कातडी कापून रोहिण्या मोकळ्या केल्यावर सर्जनच्या हातात पाकीट दिलं जाई, त्यात 'बांधा' किंवा 'बांधू नका' एवढंच. आठ जणांच्या बांधल्या, नऊ जणांच्या नाही. पुढे दोन्ही गट सारखेच सुधारले. ऑपरेशन थोड्याच काळात मागे पडलं. नुसती तुलना अपुरी का पडते हे तिथे एकदा नीट दिसलं होतं. तरीही अँजिओप्लास्टीची तशी परीक्षा व्हायला २०१७ उजाडलं, आणि तोवर जगभर लाखो लोकांना स्टेंट बसले होते. ही दिरंगाई मला खटकते.

मामांनी वाचलेला प्रयोग तो हाच, नाव 'ऑर्बिटा'. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या रशा अल-लामी आणि डॅरल फ्रान्सिस यांच्या गटानं ब्रिटनमधल्या पाच केंद्रांवर तो केला. 'नाटक' कसं रचलं होतं ते जरा जवळून बघा, कारण सगळी मेहनत तिथे आहे.

आधी सहा आठवडे सगळ्यांच्या गोळ्या बसवल्या. डॉक्टर फोन करून विचारत, डोस वाढवत, त्रास होणारी गोळी बदलत. मगच सगळ्यांची ट्रेडमिल टेस्ट झाली. नंतर रुग्ण कॅथ लॅबमध्ये येई. कानांवर हेडफोन, त्यात गाणी. अँजिओग्राफी होई, अडथळ्याच्या पलीकडे दाब किती कमी पडतो तेही बारीक तारेनं मोजलं जाई. मग गुंगीचं औषध. रुग्ण गुंगीत गेल्यावरच चिठ्ठी निघे. काहींना स्टेंट बसे. उरलेल्यांना काहीही न करता टेबलावर निदान पंधरा मिनिटं तसंच ठेवलं जाई. कारण उघड आहे, लगेच बाहेर आणलं असतं तर रुग्णाला आणि वॉर्डाला तेवढ्यावरूनच कळलं असतं.

पुढची खबरदारी मला विशेष आवडते. कॅथ लॅबमधल्या माणसांना काय झालं ते माहीत असणारच, त्यांच्यापासून लपवता येत नाही. म्हणून रुग्ण बाहेर आला की त्यांचा आणि त्याचा संबंध संपे. वॉर्डात त्याला घेणारी माणसं वेगळी, त्यांना काही ठाऊक नाही. पुढे ट्रेडमिलवर उभं करणारे आणि लक्षणं विचारणारेही वेगळे. आणि गोळ्या? स्टेंट बसला की रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दोन गोळ्या रोज घ्याव्याच लागतात. त्या फक्त स्टेंटवाल्यांनाच दिल्या असत्या तर घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट बघूनच माणसाला आपला गट कळला असता. म्हणून शेवटच्या तपासणीपर्यंत त्या दोन्ही गटांना चालू ठेवल्या.

यालाच डबल ब्लाइंड म्हणतात: रुग्णालाही माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. रुग्णाचं कळतं. मोजणाऱ्याचं का, असं पुष्कळजण विचारतात. ट्रेडमिलवर माणूस दमायला लागला की शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ म्हणतो, 'अजून थोडं, जमेल.' किंवा म्हणतो, 'बास करू या?' त्याला गट माहीत असेल तर कुणाला काय म्हणेल, हे त्याच्याही हातात राहत नाही. काही सेकंदांचा फरक तिथेच पडू शकतो, आणि इथे तर सगळा हिशेब सेकंदांचाच होता.

२०० जणांची चिठ्ठी निघाली, १०५ स्टेंटचे आणि ९५ बिनस्टेंटचे. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरची वेळ स्टेंटवाल्यांची सरासरी २८.४ सेकंदांनी वाढली होती, बिनस्टेंटवाल्यांची ११.८ सेकंदांनी. फरक १६.६ सेकंदांचा. उघड प्रयोगातले ९६ आठवा. दोन्ही प्रयोगांत पंचवीस वर्षांचं अंतर आहे, गोळ्या वेगळ्या, तंत्र वेगळं, म्हणून ९६ मधून १६ वजा करून उरलेला सगळा प्लासिबो, असा हिशेब मांडू नका. पण अपेक्षा आणि वास्तव यांत किती अंतर पडू शकतं याचा अंदाज येतो.

एका प्रयोगातला फरक थोडाफार योगायोगानंही येतो. संशोधकांनी दिलेली मर्यादा अशी होती की खरा फरक ९ सेकंद उलट्या बाजूला असण्यापासून ४२ सेकंद स्टेंटच्या बाजूला असण्यापर्यंत कुठेही असू शकेल. शून्य त्या मर्यादेच्या आत येतं, म्हणून 'स्टेंटनं वेळ वाढते' असं या प्रयोगावरून म्हणता आलं नाही. पण ४२ सेकंदसुद्धा त्या मर्यादेच्या आतच येतात. त्यामुळे 'स्टेंट निरुपयोगी ठरला' असंही म्हणता येत नाही. बातम्यांनी नेमकं तेच म्हटलं, आणि मामांपर्यंत पोचलं तेही तेच.

आणखी एक गोष्ट बातम्यांत राहून गेली. स्टेंट बसवल्यावर अडथळ्यापलीकडचा दाब खरोखरच सुधारला होता, जवळजवळ सामान्य पातळीला आला होता. म्हणजे पाइप खरंच मोकळा झाला. जाणवणाऱ्या त्रासात मात्र त्या मानानं फरक कमी पडला, कारण गोळ्यांनी बराच त्रास आधीच कमी केला होता आणि उरलेल्यातला काही भाग दोन्ही गटांत सारखाच ओसरला. शीर मोकळी होणं आणि माणसाला मोकळं वाटणं यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही, हे त्यातून कळलं.

टीका झाली. सहा आठवडे थोडे, गोळ्यांचा मारा इतका की खऱ्या आयुष्यात कुणी एवढ्या घेत नाही, ट्रेडमिल हे माप योग्य नाही. संशोधकांनी ती मनावर घेतली, आणि २०२३ मध्ये त्याच गटानं 'ऑर्बिटा-२' आणला. या वेळी ३०१ रुग्ण, बारा आठवडे, आणि अँजायनाच्या सगळ्या गोळ्या सुरुवातीलाच बंद. रोज फोनवरच्या अॅपमध्ये आज किती वेळा दुखलं ते नोंदवायचं. बाकी हेडफोन, गुंगी, टेबलावरची पंधरा मिनिटं तशीच. या वेळी स्टेंटची बाजू स्पष्टपणे वर आली. ट्रेडमिलवर सुमारे एक मिनिटाचा फरक पडला. शेवटी अजिबात अँजायना न उरलेले स्टेंटच्या गटात १०० पैकी ४० होते, बिनस्टेंटच्या गटात १५.

हे दोन्ही आकडे बाबांना आणि मामांना एकत्र वाचून दाखवा. पंधरा जणांच्या हृदयात काहीही बसवलेलं नव्हतं, अँजायनाच्या गोळ्या नव्हत्या, तरी त्यांचं दुखणं पूर्ण थांबलं. त्यात अपेक्षा असेल, वेळ असेल. आणि स्टेंटनं त्यावर आणखी पंचवीस जणांची भर घातली. ती भर अपेक्षेची नाही हे छातीठोकपणे म्हणता येतं, कारण अपेक्षा दोन्हीकडे सारखी होती. उरलेल्या साठ जणांना शीर उघडूनही थोडाफार त्रास राहिलाच, हेही त्याच ओळीत आहे. स्टेंटला हा न्याय मिळाला तो कुणाला काय मिळालं हे झाकणाऱ्या पडद्यामुळेच.

पडदा टिकला की फाटला, हे कसं कळतं? रुग्णाला विचारतात: तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? दोन्ही गटांतली माणसं सारख्याच प्रमाणात 'स्टेंट' किंवा 'माहीत नाही' म्हणाली तर पडदा शाबूत. खऱ्या उपचारातली माणसं बरोबर ओळखायला लागली तर शंका घ्यायची. ऑर्बिटात ही तपासणी केली होती.

पडदा फाटला की काय होतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण १९७५ चं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं आपल्याच कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला: रोज व्हिटॅमिन सी घेतलं तर सर्दी कमी होते का? खऱ्या कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी, खोट्या कॅप्सूलमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज. एक आंबट, एक गोडसर. संस्थेतली चौकस माणसं ती! बऱ्याच जणांनी कॅप्सूल फोडून चाखली. हिशेब केला तेव्हा व्हिटॅमिन घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी झालेली दिसली. मग संशोधकांनी विचारलं, तुम्हाला आपला गट ओळखता आला होता का? ज्यांनी ओळखला होता त्यांच्यातच तो फरक होता. ज्यांना पत्ता लागला नव्हता त्यांच्यात तो दिसलाच नाही. एका चिमटीभर आंबटपणानं सगळा प्रयोग नासवला. आज औषधाच्या प्रयोगात गोळीचा रंग, वजन, चव, चघळल्यावर येणारा कडवटपणासुद्धा जुळवतात, ते यामुळे.

चव जुळवली तरी काही औषधं स्वतःच चहाडी करतात. तोंड कोरडं पडतं, लघवीचा रंग बदलतो, नाडी मंदावते. रुग्ण ओळखतो, डॉक्टर त्याच्या आधी ओळखतात. अशा प्रयोगाचा निकाल वेदना किंवा मनःस्थिती अशा जाणवणाऱ्या गोष्टीवर ठरत असेल तर मी तो हात राखून वाचते. निकाल मृत्यूवर ठरत असेल तर इतकी काळजी करत नाही, कारण मृत्यू अपेक्षेनं हलत नाही. स्टेंटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. स्टेबल अँजायनाच्या बहुतेक रुग्णांत, चांगल्या गोळ्या चालू असताना, स्टेंटनं मृत्यू किंवा पुढचा हार्ट अटॅक टळतो असं मोठ्या प्रयोगांत दिसलेलं नाही. २००७ चा 'करेज' आणि २०२० चा 'इस्किमिया' हे त्यातले मोठे. म्हणजे या लोकांत स्टेंट टाकायचा तो आराम पडावा म्हणून. आणि आराम हे जाणवणारं माप असल्यानं पडद्याशिवाय त्याची परीक्षाच होत नाही.

आता फसवण्याचं. मला हा तुमचा सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला. १९५९ मध्ये सिएटलच्या त्या १७ जणांना एवढंच सांगितलं होतं की आपण या ऑपरेशनच्या मूल्यमापनात भाग घेतोय. आपल्या रोहिण्या कदाचित बांधल्याच जाणार नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते फसवणंच होतं, आणि आज कुठलीही एथिक्स कमिटी त्याला परवानगी देणार नाही. ऑर्बिटातल्या माणसांनी आधी वाचून सही केली होती की चिठ्ठीनुसार मला स्टेंट मिळेल किंवा मिळणार नाही, आणि सहा आठवडे मला ते सांगितलं जाणार नाही. सहा आठवड्यांनी प्रत्येकाला खरं सांगितलं, आणि ज्याला हवा त्याला स्टेंट करून घेता आला. काय लपवलं जाणार आहे हे आधी सांगून, त्याला हो म्हणवून घेऊन लपवणं हे मला फसवणूक वाटत नाही.

पण धोका शून्य होता असंही सांगणार नाही. बिनस्टेंटच्या गटातल्या चौघांना ती दाब मोजायची तार घालतानाच इजा झाली आणि त्यांना स्टेंट टाकावा लागला. अशा प्रयोगाला हो म्हणणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांसाठी थोडी जोखीम उचलत असतो. भारतातही २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत यासाठी तरतूद आहे. चालू असलेला योग्य उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लासिबोवर ठेवलं आणि त्यातून इजा झाली, तर ती प्रयोगामुळे झालेली इजा धरून भरपाई द्यावी लागते. उद्या कुणी तुमच्या घरात ट्रायलचा फॉर्म घेऊन आलं तर तीन गोष्टी विचारा: प्लासिबो मिळाला तर माझे नेहमीचे उपचार चालू राहणार का, मला काय मिळालं ते कधी सांगणार, आणि तब्येत बिघडली तर मधेच ते उघड करायची सोय आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असायलाच हवं.

मामांनी 'करून घेणार नाही' हा निर्णय बातमीवरून घेऊ नये, आणि 'करून घेतो' हाही भीतीनं घेऊ नये. त्यांनी डॉक्टरांना विचारावं: माझा त्रास स्टेबल आहे का? ब्लॉक डाव्या मुख्य रोहिणीत आहे का, हृदयाचं पंपिंग कमी आहे का? कारण तसं असेल तर हे प्रयोग त्यांना लागू पडत नाहीत. नसेल, तर पुढचं विचारावं: अँजायनाच्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये काही आठवडे घेऊन बघितल्या का? बघितल्या नसतील तर आधी त्या घेऊन बघणं हा रास्त मार्ग आहे. गोळ्यांनी चढ चढता येत असेल आणि त्या सोसत असतील तर थांबता येतं. गोळ्या सोसत नसतील, किंवा घेऊनही भाजी आणायला जाता येत नसेल, किंवा जन्मभर तीन-तीन गोळ्या नकोच असतील, तर स्टेंटनं खरा आराम मिळण्याची चांगली शक्यता आहे, आणि ती पडद्याआड तपासलेली आहे.

बाबांना एवढं सांगा की तिसऱ्या दिवशीच्या त्या मोकळेपणात स्टेंट किती, गोळ्या किती आणि जिन्याची भीती गेल्याचा भाग किती, हे एका माणसात कुणालाच मोजता येत नाही, आणि त्यांना मोजायची गरजही नाही. फक्त ही चर्चा ऐकून त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करता कामा नयेत. स्टेंट बसलेल्या शिरेत त्या अचानक थांबवल्या की गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. पाकिटात किती उरल्यात ते आज रात्रीच बघा.